ताप उतरला, पण आजच दाखवायचंय

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास दवाखान्याचा मोबाईल सतत वाजत असतो. 'डॉक्टर आहेत का?', 'नंबर लावा', 'रिपोर्ट पाठवलाय, बघून सांगा'. या मेसेजच्या मधेच कुठेतरी असा एक मेसेज असतो:

"नमस्कार मॅडम, आईला सोमवारपासून ताप होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. आता ताप उतरलाय, पण अशक्तपणा खूप आहे. काही खात नाही. डॉक्टर कधी भेटतील? प्लीज लवकर सांगा."

रिसेप्शनवरच्या ताई हा मेसेज वाचतात. समोर पंधरा माणसं बसलेली असतात, त्यात एक रडणारं मूल आणि 'माझा नंबर कधीचा होता' असं विचारणारे एक काका. त्या उत्तर देतात, "ताप उतरला ना? अशक्तपणा राहतो चार दिवस. नारळपाणी द्या. उद्या संध्याकाळी सातला या." यात त्यांचा दोष नाही. मेसेजमध्ये जे लिहिलं होतं त्याला हेच उत्तर योग्य आहे. नेहमीच्या सर्दी-तापाच्या पेशंटला मीही हेच सांगितलं असतं.

पण ही आई डेंग्यूची पेशंट असेल, तर तिच्या आजाराचा सगळ्यात जोखमीचा काळ नेमका आज सुरू झालेला असू शकतो. ही गोष्ट मुलीला ठाऊक नाही. ताईंनाही त्या मेसेजवरून ती कळायला मार्ग नाही. त्याच दिवशीची वेळ मिळणं किंवा न मिळणं इथेच ठरतं, म्हणून हे एकच उदाहरण घेऊन सविस्तर लिहिते आहे.

डेंग्यूचा ताप साधारण दोन ते सात दिवस राहतो. या दिवसांत अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे दुखतं, 102-103 फॅरनहाइटपर्यंत ताप चढतो आणि घरचे घाबरलेले असतात. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान कधीतरी ताप खाली येतो. बहुतेक पेशंट इथून बरे व्हायला लागतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र याच सुमाराला बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी त्यांच्यातून बाहेर झिरपून पोटात, छातीच्या पोकळीत साचू लागतं. रक्त दाट होतं, रक्तदाब घसरतो. हा काळ साधारण 24 ते 48 तासांचा असतो. या तासांत शिरेतून योग्य प्रमाणात सलाईन मिळालं, तर बहुतेक पेशंट सुखरूप बाहेर पडतात. उशीर झाला, तर हातपाय गार पडू लागतात आणि मग सगळंच अवघड होतं.

थोडक्यात, या आजारात थर्मामीटर चांगली बातमी देत असतो त्याच वेळी शरीर वाईट बातमी देत असतं. मेसेजमध्ये थर्मामीटरची बातमी आधी आली आणि शरीराची बातमी 'अशक्तपणा' एवढ्या एका शब्दात गुंडाळली गेली, की वाचणारी व्यक्ती फसते.

मग लिहायचं कसं? आधी हे लक्षात घ्यायला हवं की मेसेज ताईंना जात असला, तरी निर्णय त्या घेत नाहीत. निदान घेऊ नये. त्या वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या नसतात, बहुतेक ठिकाणी बारावी किंवा पदवी झालेल्या, कामात तरबेज अशा असतात. अवघड वाटलेला मेसेज घेऊन त्या केबिनचं दार थोडं उघडतात आणि एक पेशंट बाहेर जाऊन दुसरा आत येण्याच्या मधल्या अर्ध्या मिनिटात मला तो वाचून दाखवतात. तुमचा मेसेज असा हवा की तो जसाच्या तसा वाचला, तरी मला पुढचा प्रश्न विचारावा लागू नये. मी 'किती दिवस झाले?' असं विचारलं आणि ताईंना उत्तर देता आलं नाही, तर तो मेसेज परत तुमच्याकडे येतो. तुम्ही उत्तर लिहीपर्यंत पुढचे दोन पेशंट आत येऊन जातात.

म्हणून पहिली ओळ मागणीची असावी. 'नमस्कार, कशा आहात' हे मनातून आलेलं असतं, पण फोनच्या पडद्यावर मेसेजच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या नमस्कारात खर्च झाल्या, तर मेसेज उघडला कधी जाईल ते सांगता येत नाही. 'आजच दाखवायचंय, डेंग्यू पॉझिटिव्ह, रात्रीपासून त्रास वाढलाय' हे वरच दिसलं पाहिजे.

त्यानंतर पेशंटची ओळख. हा भाग किरकोळ वाटतो, पण इथे बराच वेळ जातो. मेसेज मुलीच्या नंबरवरून येतो, आईचा केसपेपर वडिलांच्या मोबाईल नंबरवर असतो आणि त्याच नावाच्या, त्याच आडनावाच्या तीन बायका आमच्या यादीत असतात. पूर्ण नाव, वय, शेवटचं कधी दाखवलं ती तारीख आणि नोंदवलेला मोबाईल नंबर किंवा फाइल नंबर एका ओळीत दिलात, तर ताई उठण्याआधीच केसपेपर काढून ठेवतात.

आता मुख्य भाग. ताप कधी सुरू झाला, ते वार आणि तारखेसह लिहा. 'चार-पाच दिवस झाले' यातल्या चार आणि पाचमध्ये डेंग्यूत फार फरक आहे. ताप पहिल्यांदा आला तो दिवस पहिला, असं आम्ही मोजतो. सोमवारी संध्याकाळी ताप आला असेल, तर शुक्रवार हा पाचवा दिवस. आज ताप नसेल तर तो कधीपासून नाही आणि शेवटची तापाची गोळी कधी घेतली, हे दोन्ही लिहा. पॅरासिटामॉल घेऊन दोन तासांनी थर्मामीटरवर दिसलेला 99 आणि गोळीशिवाय बारा तास टिकलेला 99 या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा असेल, तर मी खुर्चीत सरसावून बसते.

त्यापुढे लिहायचं ते बदललं काय. वाढत्या त्रासाचा मेसेज लिहिताना सगळ्यांची गाडी इथेच अडते. 'खूप', 'फार', 'सीरियस', 'अर्जंट' हे शब्द दिवसभरात इतक्या मेसेजमध्ये येतात की वाचणाऱ्याच्या लेखी त्यांना वजन उरत नाही. दुसरीकडे स्वतःबद्दल लिहिणाऱ्या बायकांची तऱ्हा उलटी असते. 'थोडंसं बरं नाही', 'त्रास देतेय, सॉरी', 'जमलं तर बघा' असं त्या लिहितात आणि ताई ते शब्दशः घेतात. दोन्हीवर उपाय एकच आहे. घरात रोज घडणारी एखादी गोष्ट घ्या आणि ती काल कशी होती, आज कशी आहे, ते शेजारी शेजारी लिहा. काल बाथरूमपर्यंत स्वतः चालत गेली, आज दोघांनी धरून न्यावं लागलं. काल अर्धी भाकरी आणि वरण पोटात राहिलं, आज घोटभर पाणीही उलटून पडतंय. काल हाक मारली की उत्तर द्यायची, आज दोनदा हाक मारावी लागते. यात एकही विशेषण नाही, तरी हे वाचणारा माणूस 'उद्या या' असं म्हणणार नाही.

डेंग्यूत आम्ही ज्या खुणा शोधतो, त्या मोजक्या आहेत आणि घरच्या कुणालाही दिसतील अशा आहेत. पोटात सतत आणि जोरात दुखणं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त उलट्या. नाकातून, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त. कमालीची गळाठलेली अवस्था, किंवा त्याच्या उलट एका जागी स्वस्थ न पडवणारी बेचैनी. यातलं जे असेल ते वेळेसकट लिहा: उलट्या किती आणि कधीपासून, पोट कुठे दुखतं, सतत की थांबून थांबून. लघवीबद्दल लिहायला लोक लाजतात, पण माझ्या दृष्टीने ती मेसेजमधली सर्वात उपयोगी ओळ असू शकते. शरीरात पाणी कमी पडतंय की नाही, ते तिच्यावरून कळतं. शेवटची लघवी किती वाजता झाली आणि नेहमीसारखी झाली की थोडी, एवढं पुरे. चार ते सहा तासांत लघवीच झाली नसेल, तर एवढ्या एका कारणावरही त्याच दिवशी तपासणं गरजेचं ठरतं.

लहान मुलाबद्दल लिहीत असाल, तर तो खेळतोय का, कडेवर घेतल्यावर शांत होतो का, की गुंगीत पडून राहतो, हे लिहा. मूल पोट दुखतं असं सांगत नाही, ते पाय पोटाशी घेऊन किरकिरत राहतं.

काय नाही, तेही लिहायला हवं. 'रक्त कुठून नाही, शुद्धीत आहे, श्वास नीट आहे' एवढ्या शब्दांवरून मला ठरवता येतं की पेशंटला दवाखान्यात बोलवावं की थेट मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं.

प्लेटलेटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. नेहमीचा आकडा दीड ते साडेचार लाखांच्या मधे असतो आणि डेंग्यूत तो घसरतोच. पण 'प्लेटलेट 90 हजार' या एका आकड्यावरून फारसं कळत नाही. परवा किती होत्या आणि आज किती आहेत, हे दोन आकडे तारखांसह मिळाले, तर घसरण किती वेगाने होते आहे ते दिसतं. त्याच कागदावर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' नावाचा एक आकडा असतो, तोही लिहा. रक्त दाट होतंय का, ते त्यावरून समजतं. प्लेटलेट घसरत असताना हा आकडा चढत असेल, तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपत असल्याची शंका आम्ही घेतो. रिपोर्टची पीडीएफ पाठवाच, पण हे आकडे मेसेजमध्ये टाइपही करा, कारण दारात उभ्या असलेल्या ताई पीडीएफ उघडून बारीक अक्षरं शोधू शकत नाहीत. आणि प्लेटलेट बऱ्या आहेत म्हणून पोटदुखी, उलट्या लिहायच्या सोडू नका. मोठा धोका रक्तातलं पाणी झिरपण्याचा असतो आणि प्लेटलेट फार खाली गेलेल्या नसतानाही तो सुरू होऊ शकतो.

घरी बीपीचं मशीन असेल, तर दोन्ही आकडे लिहा आणि नेहमीचं बीपी किती असतं तेही. रक्तातलं पाणी कमी होऊ लागलं, की वरचा आणि खालचा आकडा एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. हे अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं असेल, तर वरचा आकडा ठीक दिसत असला तरी ती धोक्याची खूण असते. मग अपॉइंटमेंट मागत बसू नये, हॉस्पिटल गाठावं.

शेवटी औषधं. मधुमेह, बीपी, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, यातलं काही असेल तर एका ओळीत लिहा. तापात केमिस्टकडून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी दिली असेल, तर तेही लपवू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे ती माहिती मला हवीच असते. त्याबद्दल दवाखान्यात कुणी तुम्हाला रागावणार नाही.

आता तोच मेसेज पुन्हा लिहू. समजा, शुक्रवार, 12 तारीख, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

"आजच दाखवायचंय. डेंग्यू पॉझिटिव्ह, रात्रीपासून त्रास वाढलाय.
पेशंट: आईचं पूर्ण नाव, वय 46. बुधवारी 10 तारखेला दाखवलं होतं. केसपेपर बाबांच्या नंबरवर आहे.
ताप सोमवार, 8 तारखेच्या संध्याकाळपासून, आज पाचवा दिवस. काल रात्री 10 पासून गोळीशिवाय ताप नाही.
पण रात्री 12 पासून 4 उलट्या, पाणीही टिकत नाही. पहाटे 4 पासून पोटात वरच्या बाजूला सतत दुखतंय. काल स्वतः चालत होती, आज धरून न्यावं लागतं. लघवी पहाटे 5 ला, थोडीच.
रक्त कुठून नाही. शुद्धीत आहे, श्वास नीट आहे. बीपी 104/78, नेहमी 130/84 असतं.
प्लेटलेट बुधवारी 1,85,000, काल 1,10,000. पीसीव्ही 37, काल 42.
बीपीची गोळी रोज सकाळी असते, आज अजून दिली नाही. पॅरासिटामॉल शेवटची काल संध्याकाळी 6 ला.
ताई, डॉक्टरांना आत्ता वाचून दाखवाल का? आम्ही 20 मिनिटांत पोहोचू. 9.25 ला मी फोन करते."

हा मेसेज वाचायला एक मिनिटही लागत नाही. तो ऐकून मी काय करेन, ते सांगते. पाचवा दिवस, ताप गेलेला, उलट्या आणि पोटदुखी सुरू, बीपीच्या दोन आकड्यांतलं अंतर 46 वरून 26 वर आलेलं, पीसीव्ही चढतंय आणि प्लेटलेट उतरतायत. ताईंना मी म्हणेन, "लगेच बोलवा, आल्या आल्या आत घ्या. आजची बीपीची गोळी देऊ नका म्हणावं. ॲडमिट करावं लागेल, तयारीनिशी या असं सांगा." यातला प्रत्येक निर्णय मेसेजमधल्या एखाद्या ओळीवर उभा आहे. बीपीच्या गोळीची ओळ नसती, तर घरच्यांनी ती नेहमीप्रमाणे दिली असती आणि आधीच खाली आलेलं बीपी आणखी खाली गेलं असतं.

पहिला मेसेजही याच मुलीने याच आईबद्दल लिहिलेला असू शकतो. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ताईंना आणि मला ठरवता येईल असं काही नव्हतं.

या मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट नाही, तीही मुद्दाम सांगते. मुलीने स्वतः निदान लिहिलेलं नाही. 'नेटवर वाचलं, डेंग्यू शॉक वाटतोय' अशी ओळ आली, की वाचणाऱ्याचं लक्ष लक्षणांवरून उडतं आणि लिहिणाऱ्याच्या घाबरेपणाकडे जातं. दिसतं ते लिहा, त्याचा अर्थ लावायचं काम आमच्यावर सोडा. आणि वेळ मिळावी म्हणून नसलेली उलटी किंवा नसलेलं रक्त लिहू नका. पेशंट समोर आल्यावर ते कळतंच, आणि त्या खोट्या माहितीच्या जोरावर तपासण्या आणि औषधं ठरलेली असतात.

मेसेज पाठवण्याची वेळही महत्त्वाची आहे. बऱ्याच दवाखान्यांची वेळ सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ अशी असते. ओपीडी सुरू होण्याच्या थोडं आधी आलेला मेसेज सगळ्यात नीट वाचला जातो. दुपारी सव्वाला पाठवलेला मेसेज संध्याकाळी सहापर्यंत न उघडता पडून राहू शकतो, तेव्हा त्या वेळी सरळ फोनच करा. व्हॉइस मेसेज टाळा. भरलेल्या वेटिंग रूममध्ये ताई तो मोठ्याने ऐकू शकत नाहीत, आणि तुमच्या आईच्या लघवीची माहिती सगळ्यांनी ऐकावी हे बरंही नाही. तीन-चार तुकड्यांत पाठवलेल्या मेसेजच्या मधे दुसऱ्याच कुणाचा फोन येतो आणि शेवटचा तुकडा तेवढा वाचला जातो. सगळं एकाच मेसेजमध्ये बसवा. पाठवल्यावर निळ्या टिका दिसल्या म्हणजे वेळ मिळाली असं धरू नका. मेसेजमध्ये सांगितलेल्या वेळेला फोन करा आणि 'डॉक्टरांना वाचून दाखवला का?' एवढंच विचारा. 'नाही' असं उत्तर आलं, तर फोन न ठेवता शांतपणे पहिली ओळ आणि लक्षणांची ओळ वाचून दाखवा. फोनवर बोलण्यासाठीही तोच मेसेज कामाला येतो.

तापाचं कारण अजून कळलेलं नसेल, टेस्ट झालेली नसेल, तरी मेसेजची मांडणी हीच ठेवा. पहिल्या ओळीत डेंग्यूच्या जागी 'पाच दिवसांचा ताप' येईल, बाकी काही बदलत नाही.

काही वेळा मात्र मेसेज लिहूच नये. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, धाप लागणं, असंबद्ध बोलणं, चक्कर येऊन पडणं, झटका, गार आणि चिकट लागणारे हातपाय, यातलं काहीही दिसलं तर रिसेप्शनिस्टच्या उत्तराची वाट पाहू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या कॅज्युअल्टीत जा, आणि दवाखान्याला वाटेतून कळवा. दवाखान्यात पाठवलेल्या मेसेजला अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, फोनही उचलला गेला नाही आणि पोटदुखी, उलट्या सुरूच असतील, तरीही हेच करा. तोच मेसेज कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत जे विचारायचं असतं, ते सगळं त्यात आधीच लिहिलेलं असेल.